डायरीतल्या टिपणांपासून सहीच्या मृत्युपत्रापर्यंत: एका निवृत्त शिक्षकांच्या कागदांवरून

दस्तलेखनाच्या कामात माझ्यासमोर मृत्युपत्रासाठी आलेल्या बहुतेक ज्येष्ठांकडे मृत्युपत्राचा मसुदा नव्हता, टिपणे मात्र होती. जुन्या डायरीची मागची पाने, दिनदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेली ओळ, पासबुकात घडी करून ठेवलेली चिठ्ठी अशा रूपात ती जमलेली असतात. या टिपणांमध्ये माणसाची इच्छा खरी असते, परंतु ती जशीच्या तशी उतरवून खाली सही केली तर त्यातला मोठा भाग अंमलात येत नाही. याचे कारण कायद्याची क्लिष्टता हे क्वचितच असते. टिपणांमध्ये आपले काय आहे, ते कोणाला द्यायचे आहे आणि मनात काय सलते आहे या तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, हे खरे कारण आहे. त्या वेगळ्या कशा कराव्यात आणि त्यांतून साधे मृत्युपत्र कसे उभे करावे, हे एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदललेले आहेत.

सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, वय ७१. घरी पत्नी, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि कोल्हापूरला दिलेली मुलगी. शिक्षकांना आपण सर आणि त्यांच्या पत्नीला बाई म्हणू.

हे विवेचन महाराष्ट्रातील हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू पडणाऱ्या सर्वसाधारण नियमांवर आधारलेले आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना साधारणतः एक तृतीयांश मिळकतीपुरतेच मृत्युपत्र करता येते. गोव्यात वारसांचा कायदेशीर राखीव हिस्सा असल्यामुळे मुलेबाळे असलेल्या माणसाला निम्म्याहून अधिक मिळकतीची व्यवस्था मृत्युपत्राने लावता येत नाही, शिवाय तेथील पद्धतही निराळी आहे. अशा वाचकांनी खालील मसुदा वापरण्याआधी स्थानिक वकिलांना भेटावे.

पहिली पायरी: टिपणे जशी आहेत तशी उतरवा

सर्व कागद एकत्र करून प्रत्येक ओळ एका कोऱ्या कागदावर, भाषा न सुधारता, क्रमांक घालून लिहावी. शक्य असल्यास शेजारी ती केव्हा लिहिली हेही नोंदवावे, कारण आठ वर्षांपूर्वीची ओळ आणि गेल्या महिन्यातली ओळ एकमेकींशी जुळतीलच असे नाही. सरांच्या कागदांतून अशा ओळी निघाल्या:

१. फ्लॅट हिला. नंतर मुलाला.
२. गावची जमीन मुलाच्या नावे.
३. एफडी तीन लाख, लेकीला.
४. दागिने दोघांनी समजुतीने वाटून घ्यावेत.
५. धाकट्याचे चाळीस हजार द्यायचे राहिलेत.
६. शाळेत दहावीला गणितात पहिला येईल त्याला बक्षीस.
७. देहदान करायचे आहे.
८. दवाखान्यात होतो तेव्हा कोण आले, कोण नाही, ते मला माहीत आहे.

या टप्प्यावर कोणतीही ओळ गाळू नये. आठवी ओळसुद्धा उतरवावी, कारण ती कागदावर आली नाही तर पुढे मसुद्याच्या एखाद्या विशेषणात शिरते.

दुसरी पायरी: प्रत्येक ओळीसमोर मालकीचा कागद ठेवा

मृत्युपत्राने माणूस फक्त स्वतःच्या मालकीचे देऊ शकतो. म्हणून कोणाला काय द्यायचे हा प्रश्न बाजूला ठेवून आधी प्रत्येक वस्तू कोणाची आहे हे कागदावरून पाहावे. सरांच्या बाबतीत या एका तपासणीत आठपैकी निम्म्या ओळी बदलल्या.

फ्लॅटचे नोंदणीकृत खरेदीखत आणि सोसायटीचे भागपत्र, दोन्हींवर सर आणि बाई अशी दोन नावे होती. बाईही शिक्षिका होत्या आणि कर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून गेले होते. त्यामुळे सर पूर्ण फ्लॅटची व्यवस्था लावू शकत नव्हते. मसुद्यात फक्त ‘माझा निम्मा अविभक्त हिस्सा’ असे लिहिणे योग्य होते.

गावच्या जमिनीचा सातबारा काढल्यावर त्यावर वडिलांच्या पश्चात सर, त्यांचा भाऊ आणि बहीण अशी तिघांची नावे निघाली आणि वाटणी झालेलीच नव्हती. जमीन सरांच्या वडिलांनी स्वतः घेतलेली की आजोबांपासून चालत आलेली, यावर बरेच अवलंबून असते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलांना जन्मतः हक्क असतो, तो हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांइतकाच मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० च्या निकालात तो स्पष्ट केला. याचा अर्थ असा की ‘गावची जमीन मुलाच्या नावे’ असे लिहून सर लेकीचा तिच्या स्वतःच्या हक्काचा हिस्सा काढून घेऊ शकत नाहीत. ते फक्त आपल्या वाट्याला येणाऱ्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करू शकतात. सातबाऱ्यावरील नाव हा महसुली नोंदीचा पुरावा आहे, तेवढ्यावरून मालकीचा निकाल लागत नाही, म्हणून जुने फेरफार उतारेही काढून ठेवावेत.

दागिन्यांच्या बाबतीत बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितले, “ते माझ्या माहेरचे आणि लग्नातले आहेत, ते यांनी कसे द्यायचे?” त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. स्त्रीधनावर फक्त त्या स्त्रीचा हक्क असतो. चौथी ओळ सरांच्या मृत्युपत्रातून निघाली आणि बाईंच्या मृत्युपत्रासाठी राखून ठेवली गेली.

ठेवीच्या पावतीवर नॉमिनी म्हणून बाईंचे नाव होते आणि सरांना ती लेकीला द्यायची होती. सरांच्या पश्चात बँक नॉमिनीला पैसे देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, परंतु नॉमिनी त्यामुळे मालक होत नाही. तो ती रक्कम खऱ्या हक्कदारांसाठी सांभाळतो. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. तरीही लेकीला आईकडे पैसे मागायला लावणारी व्यवस्था मुद्दाम कशाला ठेवायची? मृत्युपत्रात ज्याला द्यायचे त्याचेच नाव नॉमिनी म्हणून लावून घ्यावे. सरांनी ते त्याच आठवड्यात केले.

तिसरी पायरी: मृत्युपत्रात न बसणाऱ्या ओळी त्यांच्या जागी पाठवा

देहदानाची इच्छा मृत्युपत्रात लिहिली तर ती बहुधा वाया जाते, कारण मृत्युपत्र दिवसकार्य आटोपल्यावर उघडले जाते आणि देहदान मृत्यूनंतर काही तासांत करावे लागते. त्यासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज भरून घरातल्यांना सांगून ठेवावे लागते. सरांनी अर्ज भरला आणि त्याची प्रत दाराजवळच्या कपाटात ठेवली.

शाळेच्या बक्षिसासाठी ‘दरवर्षी’ असे लिहिले की ते दरवर्षी कोणी, कोणत्या पैशातून द्यायचे हा प्रश्न वारसांवर पडतो. सरांना मी विचारले की हयातीतच ठेव ठेवून शाळेला व्याज लावून दिले तर? त्यांनी पन्नास हजारांची ठेव शाळेच्या संस्थेच्या नावे केली आणि पुढच्या निकालाला बक्षीस स्वतःच्या हाताने दिले.

आठव्या ओळीबद्दल मी त्यांना एवढेच म्हणालो की राग मृत्युपत्रात लिहिला तर तो न्यायालयात वाचला जाईल. मात्र एखाद्या जवळच्या वारसाला काहीच द्यायचे नसेल किंवा कमी द्यायचे असेल, तर त्याचे कारण एका शांत वाक्यात अवश्य लिहावे. कारण न देता नैसर्गिक वारसाला वगळलेले असणे ही मृत्युपत्राविषयी शंका उपस्थित करणारी परिस्थिती मानली जाऊ शकते.

चौथी पायरी: ‘हिला, नंतर मुलाला’ या तीन शब्दांचा उलगडा

मी पाहिलेल्या टिपणांत सर्वांत अधिक वेळा आढळणारे आणि सर्वांत अधिक तंटे लावणारे वाक्य हेच आहे. त्याचे दोन अर्थ होतात. एक, पत्नी पूर्ण मालक होईल आणि पुढे तिला योग्य वाटेल तसे करील. दोन, पत्नीला फक्त तहहयात राहण्याचा व उपभोगाचा हक्क राहील, ती विकू शकणार नाही, आणि तिच्या पश्चात मिळकत मुलाची होईल. मसुद्यात आधी ‘पूर्ण मालकी हक्काने पत्नीला’ आणि लगेच पुढे ‘तिच्या पश्चात मुलाला’ असे दोन्ही लिहिले तर ही दोन वाक्ये एकमेकांना छेदतात आणि कोणते टिकते हे ठरवायला न्यायालय लागते.

सरांना मी एकच प्रश्न विचारला, “बाईंना आजारपणासाठी फ्लॅट विकायची वेळ आली, तर विकता यावा की नाही?” सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “विकू दे की. त्यासाठीच तर घेतलाय.” तेथे निर्णय झाला. फ्लॅटचा त्यांचा हिस्सा बाईंना पूर्ण मालकीने, कोणत्याही शेपटाविना. मुलासाठी एकच सोय केली: बाई सरांच्या आधी गेल्या तर तो हिस्सा मुलगा आणि मुलगी यांना समान. ही पर्यायी व्यवस्था प्रत्येक देणगीला लिहावी, कारण घेणारा आधी गेला तर ती देणगी साधारणतः रद्द होते.

पाचवी पायरी: मसुदा

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. साध्या जाड कागदावर, मराठीत, हाताने किंवा टंकलेखन करून ते लिहिता येते. ज्या भाषेत माणूस रोज बोलतो तीच वापरावी, म्हणजे समजून सही केली का हा प्रश्नच येत नाही. सरांचा मसुदा मुख्यतः असा झाला:

“मी, (पूर्ण नाव), वय ७१ वर्षे, निवृत्त शिक्षक, राहणार (पत्ता), आज दिनांक ______ रोजी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीत हे माझे अखेरचे मृत्युपत्र करून ठेवीत आहे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी रद्द करतो.

माझ्या कुटुंबात पत्नी (नाव, वय), मुलगा (नाव, वय) व मुलगी (नाव, वय) असे तिघे आहेत.

माझ्या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी माझा पुतण्या (नाव, पत्ता) याची व्यवस्थापक म्हणून नेमणूक करतो. तो हयात नसल्यास अथवा त्याने नकार दिल्यास माझी मुलगी व्यवस्थापक राहील.

व्यवस्थापकाने प्रथम माझे अंत्यविधीचे व औषधोपचाराचे खर्च आणि माझी देणी फेडावीत. माझा धाकटा भाऊ (नाव) याचे माझ्याकडे रुपये ४०,००० येणे आहे, ते त्यात धरावे.

(सदनिकेचे वर्णन, क्रमांक, सोसायटीचे नाव, भूमापन क्रमांक) या सदनिकेतील माझा निम्मा अविभक्त हिस्सा मी माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने देतो. ती माझ्याआधी मृत झाल्यास हा हिस्सा माझा मुलगा व मुलगी यांना समसमान मिळावा.

(बँक, शाखा) येथील माझ्या नावावरील सर्व मुदत ठेवी, त्यांच्या पावत्यांचे क्रमांक अथवा मुदती बदलल्या तरी, माझ्या मुलीस द्याव्यात. ती माझ्याआधी मृत झाल्यास त्या तिच्या मुलांना समान द्याव्यात.

मौजे (गाव), गट क्रमांक ______ या मिळकतीतील माझा जो काही अविभक्त हिस्सा असेल, तो माझ्या मुलास द्यावा. तो माझ्याआधी मृत झाल्यास हा हिस्सा त्याच्या मुलांना समान द्यावा.

वर ज्यांचा उल्लेख नाही अशी माझी उर्वरित सर्व स्थावर व जंगम मिळकत, आज असलेली व पुढे मिळणारी, माझ्या पत्नीस द्यावी, आणि ती हयात नसल्यास माझा मुलगा व मुलगी यांना समान द्यावी.”

ठेवीचे वाक्य मुद्दाम असे लिहिले आहे. सरांच्या टिपणात ‘एफडी तीन लाख’ असे होते, परंतु त्या ठेवीची मुदत दोन वर्षांनी संपणार होती. मृत्युपत्रात एखादी विशिष्ट पावती दिली आणि मृत्यूच्या वेळी ती अस्तित्वात नसली, तर देणगीच उरत नाही. क्रमांकापेक्षा बँक, शाखा आणि ‘सर्व मुदत ठेवी’ हे वर्णन टिकाऊ असते.

उर्वरित मिळकतीचे शेवटचे कलम टिपणांत कधीही नसते आणि ते राहिले तर पेन्शनची थकबाकी, बचत खाते, गाडी अशा गोष्टींसाठी वारसांना पुन्हा वारसा हक्काच्या कायद्याकडे जावे लागते.

सहावी पायरी: साक्षीदार आणि सहीचा दिवस

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही माझी आहे असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येक साक्षीदाराने स्वतःची सही करणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. शेवटची अट लोक सर्रास मोडतात. काका घरी सही करतात, मुलगा तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या दुकानात जातो आणि तो ओळखीखातर सही करतो. असे मृत्युपत्र न्यायालयात साक्षीदाराच्या उलटतपासणीत कोसळते. मृत्युपत्र सिद्ध करायचे झाले तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात बोलवावे लागते, म्हणून साक्षीदार कोण हे महत्त्वाचे आहे.

सरांनी त्यांच्याहून बऱ्याच लहान असलेला, आता शाळेत शिकवणारा एक माजी विद्यार्थी आणि त्यांचे नेहमीचे डॉक्टर असे दोघे निवडले. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या पतीपत्नीला साक्षीदार करू नये. कायद्याची अडचण न आली तरी संशयाला जागा मिळते. त्याच कारणासाठी सहीच्या वेळी मुलगा आणि मुलगी खोलीत नव्हते. साक्षीदाराला मृत्युपत्रात काय लिहिले आहे हे वाचायला देणे आवश्यक नसते.

प्रत्येक पानावर ‘३ पैकी पृष्ठ १’ असा क्रमांक, तळाशी सरांची सही, खाडाखोड झाली असेल तेथे सर व साक्षीदारांच्या सह्या, आणि अखेरीस हा मजकूर: “वरील गृहस्थांनी हे आपले मृत्युपत्र असल्याचे सांगून आमच्या समक्ष सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत.” खाली दोघांची पूर्ण नावे, वये, पत्ते. डॉक्टरांनी त्याच दिवशी, त्याच तारखेचे, सर पूर्ण शुद्धीत असून स्वतःचे भलेबुरे समजू शकतात असे स्वतंत्र प्रमाणपत्र दिले. नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

सातवी पायरी: नोंदणी, जपणूक आणि बदल

मृत्युपत्राची नोंदणी बंधनकारक नाही. तरीही मी ती सुचवतो, कारण दुय्यम निबंधकांसमोर करणारा व साक्षीदार स्वतः हजर राहिल्याची नोंद राहते, आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची प्रत दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. मात्र नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध झाले असे होत नाही.

नंतर बदल करायचा असेल तर मूळ कागदावर पेनने खोडू नये. लहान बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र, मोठ्या बदलासाठी नवे मृत्युपत्र करावे, आणि दोन्हींना दोन साक्षीदारांची तीच पद्धत लागते. मूळ प्रत कोठे आहे हे व्यवस्थापकाला माहीत असावे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यास आणि लॉकर एकट्याच्या नावावर असल्यास वारसांना तो उघडण्यासाठीच खटाटोप करावा लागतो.

वकिलांकडे केव्हा आणि काय घेऊन जावे

हे सगळे झाल्यावर, परंतु सही करण्याआधी, मसुदा वकिलांना दाखवावा. सरांच्या बाबतीत जमिनीचा प्रश्न असल्यामुळे ते टाळणे धोक्याचेच होते. वडिलोपार्जित मिळकत, दुसरा विवाह, परदेशातील वारस, मतिमंद किंवा अल्पवयीन वारस, भागीदारीतील व्यवसाय किंवा एखाद्या वारसाला वगळण्याचा विचार यांपैकी काहीही असेल तर साध्या नमुन्यावर भागवू नये.

वकिलांकडे जाताना क्रमांक घातलेली टिपणे, मसुदा, सातबारा व फेरफार, खरेदीखत, भागपत्र, ठेवींची यादी आणि नॉमिनींची यादी न्यावी. तीन प्रश्न लिहूनच न्यावेत: जमिनीतील माझा हिस्सा नेमका किती, कोणते कलम दुसऱ्या कलमाला छेदते का, आणि माझ्या पश्चात वारसांना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घ्यावे लागेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुंबईसारख्या शहरासाठी वर्षानुवर्षे निराळे होते आणि त्यासंबंधी कायदा बदलत आलेला आहे, म्हणून ते ओळखीच्यांकडून ऐकून ठरवू नये.

सरांच्या वकिलांनी जमिनीच्या कलमापुढे एक वाक्य घातले: “या हिश्श्याबाबत माझ्या मुलीचे स्वतःचे जे हक्क आहेत, त्यांना या मृत्युपत्राने बाधा येत नाही.” मूळ टिपणांचे काय करायचे, हेही सरांनी त्यांना विचारले. वकिलांनी ती फाडू दिली नाहीत आणि मृत्युपत्राला जोडूही दिली नाहीत. प्रत्येक चिठ्ठीवर ‘हे केवळ विचारासाठीचे टिपण’ असे लिहून, तारीख घालून, ती एका पाकिटात स्वतःच्या फाइलीत ठेवली. पुढे कोणी एखादी चिठ्ठी दाखवून वडिलांची खरी इच्छा निराळी होती असे म्हणू लागल्यास, तिच्यावरच्या तारखेवरून आणि सहीच्या मृत्युपत्रातील पहिल्याच परिच्छेदावरून त्याला उत्तर देता यावे, एवढ्यासाठी.